शिक्षणाची शाखा आणि व्यवसाय: बुध, गुरु आणि दशमेश यांवरून कसे पाहावे

दहावीचा निकाल लागला की पत्रिका घेऊन येणाऱ्या बहुतेक पालकांचा प्रश्न एकाच वाक्यात असतो: मुलाने सायन्स घ्यावे की कॉमर्स, आणि पुढे त्याची नोकरी कशात होईल? विचारणाऱ्याला हा एकच प्रश्न वाटतो. पत्रिका पाहणाऱ्याने मात्र तो पहिल्याच क्षणी दोन भागांत वाटून घ्यावा. मनुष्य काय शिकतो आणि कशावर पोट भरतो या दोन गोष्टी पत्रिकेत वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात, आणि त्या दर वेळी जुळतातच असे नाही. यांत्रिकी शाखेची पदवी घेऊन बँकेत अधिकारी झालेले लोक आपल्या ओळखीत असतातच. अशा माणसाच्या पत्रिकेत शिक्षणाचे ग्रह एक सांगत असतात आणि दशमेश दुसरेच सांगत असतो. सोळा वर्षांच्या मुलाची पत्रिका थेट दशम स्थानापासून वाचायला घेतली की या दोहोंची गल्लत होते.

म्हणून या लेखात पायऱ्यांचा क्रम ठरवून घेतला आहे. आधी बुध, मग गुरु, आणि या दोघांवरून शिक्षणाची दिशा नक्की झाल्यावरच दशमेश. दशमेश पाहतानाही त्याच्या राशीवर न थांबता त्याच्या नवांशापर्यंत जायचे आहे, कारण उपजीविकेचा खरा धागा तेथे सापडतो.

आधी लग्न तपासावे

पत्रिका चित्रापक्ष अर्थात लाहिरी अयनांशाने केलेली असावी आणि तीत लग्नाचे अंश लिहिलेले असावेत. नुसते ‘कुंभ लग्न’ असे लिहिलेले पान या कामास अपुरे आहे. एक लग्न साधारण दोन तास टिकते, त्यामुळे लग्न राशीच्या मध्यावर असेल तर जन्मवेळेत पाच-दहा मिनिटांची चूक असली तरी दशमेश बदलत नाही. लग्न पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन अंशांत असेल, तर मात्र रुग्णालयातील नोंदीची वेळ आणि घरच्यांच्या आठवणीतील वेळ या दोन्हींची पत्रिका करून दशमेश तोच राहतो का, ते पाहावे. तो बदलत असेल तर दशमेशावरून काढलेले सगळे निष्कर्ष स्थगित ठेवावेत. बुध आणि गुरु यांच्या राशी त्या काही मिनिटांत सहसा बदलत नाहीत, मात्र त्यांची स्थाने बदलतात, हेही लक्षात असावे.

दशमांश कुंडलीचा उल्लेख येथेच करून टाकतो. व्यवसायासाठी दशमांश पाहावा हे शास्त्रसंमत आहे. पण दशमांशाचे लग्न सरासरी बारा मिनिटांत बदलते आणि आपल्याकडच्या जन्मवेळा इतक्या काटेकोर क्वचितच असतात. दशमेशाचा नवांश त्या मानाने फार भरवशाचा आहे, कारण तो दशमेश ग्रहाच्या स्वतःच्या अंशांवर अवलंबून असतो आणि मंगळ, गुरु, शनी यांसारख्या ग्रहांचे अंश दहा मिनिटांत नावापुरतेही सरकत नाहीत.

पहिली पायरी: बुध

बुधावरून बुद्धी किती आहे हे सांगण्याचा मोह टाळावा. बुधावरून पाहायचे ते ग्रहणशक्तीची जात: मूल आकड्यांतून लवकर शिकते की शब्दांतून, हाताने करून शिकते की ऐकून, आणि त्याचे लक्ष सुट्या तपशिलाकडे अधिक जाते की मांडणीकडे. शाखा निवडण्यासाठी एवढी माहिती पुरेशी आहे.

बुध हा ज्याच्या संगतीत असेल त्याचा रंग घेणारा ग्रह मानला जातो, आणि शाखेच्या प्रश्नात त्याचा हाच गुण सर्वांत उपयोगी पडतो. त्यामुळे बुधाची रास पाहण्याआधी त्याच्याबरोबर कोण आहे आणि त्याच्यावर कोणाची दृष्टी आहे, हे लिहून काढावे. मंगळाची दृष्टी किंवा युती असेल तर बुध यंत्र, आकृती, मोजमाप, शस्त्रक्रियेची हत्यारे, थोडक्यात ‘उघडून पाहण्याचे’ विषय घेतो. शनी असेल तर हिशेब, संख्याशास्त्र, नोंदी, कायद्यातील कलमे असे चिकाटीचे विषय येतात. शुक्राबरोबर भाषा, रचना, वास्तुकला, चंद्राबरोबर मानसशास्त्र आणि माणसांशी बोलण्याची कामे, रवीबरोबर प्रशासन, गुरूबरोबर अध्यापन, विधी आणि सिद्धान्तप्रधान विषय. दोन ग्रहांचा प्रभाव एकाच वेळी असेल तर त्यांतील ज्याची दृष्टी अंशांनी अधिक जवळची, त्याला वजन जास्त द्यावे.

यानंतर बळ. मिथुन आणि कन्या या बुधाच्या स्वराशी असून कन्येत तो उच्चही असतो. मीन ही त्याची नीच रास. मीनेतल्या बुधाचे मूल ‘गणितात कच्चे’ असे सरसकट सांगितले जाते, ते योग्य नाही. तो बुध तपशिलापेक्षा प्रतिमेतून विचार करतो, म्हणून पाठांतर आणि क्रमवार पायऱ्या मागणाऱ्या परीक्षेत त्याला जास्त सराव लागतो, एवढाच अर्थ घ्यावा. त्याचा राशिस्वामी गुरु केंद्रात बलवान असेल तर तो अर्थही सौम्य करावा.

अस्ताबद्दलही अकारण भीती घातली जाते. पृथ्वीवरून पाहताना बुध सूर्यापासून 28 अंशांहून लांब जातच नाही. मार्गी असताना 14 आणि वक्री असताना 12 अंशांच्या आत आला की तो अस्तंगत धरतात, तेव्हा दर वर्गात अस्तंगत बुधाची कितीतरी मुले बसलेली असणारच. अस्तंगत बुधावरून फार तर एवढे सांगावे की मुलाचे मत वडील किंवा शिक्षक यांच्या मताखाली झाकले जाते, म्हणून त्याची आवड त्याला एकट्याला गाठून विचारावी.

दुसरी पायरी: गुरु

बुध विषयाची जात सांगतो, तर गुरु त्या विषयात मनुष्य किती खोल आणि किती वर्षे जाईल, ते सांगतो. पदविका घेऊन कामाला लागणारा आणि पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधनापर्यंत टिकणारा, या दोघांतला फरक गुरूकडे पाहून करतात.

येथे एक गोष्ट फार लोक विसरतात. गुरु एका राशीत साधारण एक वर्ष असतो, म्हणजे मुलाच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांचा गुरु त्याच राशीत असणार. एखाद्या वर्षी गुरु मकरेत नीच होता म्हणून त्या वर्षी जन्मलेल्या सर्वांचे उच्च शिक्षण अडले, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून व्यक्तीच्या पत्रिकेत गुरूची रास गौण, आणि तो कोणत्या स्थानात आहे, कोणत्या स्थानांचा स्वामी आहे आणि त्याची पाचवी, सातवी, नववी दृष्टी कोठे पडते, हे मुख्य. यांत दृष्टी सर्वांत महत्त्वाची. गुरूची दृष्टी चतुर्थ, पंचम किंवा नवम या शिक्षणाच्या स्थानांवर किंवा त्यांच्या स्वामींवर पडत असेल तर लांबचे शिक्षण धरायला हरकत नाही. दृष्टी दशमावर किंवा दशमेशावर असेल, तर शिकलेला विषय व्यवसायातही उपयोगी पडण्याची शक्यता वाढते.

बुध आणि गुरु यांची तुलना यानंतर करावी. बुध बलवान आणि गुरु साधा असेल तर कौशल्याचे, लवकर हाताशी येणारे आणि सतत नवे शिकावे लागणारे क्षेत्र बरे: लेखा, संगणक, भाषांतर, विक्री, माध्यमे. गुरु बलवान आणि बुध साधा असेल तर ज्या क्षेत्रात सुरुवातीची काही वर्षे रडतखडत गेली तरी अनुभवाने किंमत वाढते, असे क्षेत्र पाहावे: विधी, अध्यापन, वित्तीय सल्ला, वैद्यक. अशा मुलाला दहावी-बारावीच्या गुणांवरून जोखले जाते तेव्हा त्याच्यावर अन्याय होतो, असे माझे मत आहे. दोघेही सारखे असतील तर हा मुद्दा तसाच ठेवून पुढे जावे. ओढूनताणून एकाला मोठे करू नये.

तिसरी पायरी: दशमेश आणि त्याचा नवांश

लग्नापासून दहाव्या राशीचा स्वामी म्हणजे दशमेश. वराहमिहिराच्या बृहज्जातकात कर्माजीव नावाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातील सूत्र आजही सर्वांत कामाचे आहे: लग्न, चंद्र आणि रवी या तिघांपासून दशम स्थानाचे स्वामी काढावेत, ते ज्या नवांशात असतील त्या नवांशाचा स्वामी पाहावा, आणि त्या ग्रहाच्या वृत्तीने मनुष्य जगतो असे समजावे.

नवांश हाताने काढणे अवघड नाही. राशीचे 30 अंश नऊ भागांत वाटले की एक भाग 3 अंश 20 कलांचा होतो. अग्नितत्त्वाच्या राशीत, म्हणजे मेष, सिंह, धनू यांत, पहिला नवांश मेषेचा; वृषभ, कन्या, मकर यांत पहिला मकरेचा; मिथुन, तूळ, कुंभ यांत तुळेचा; आणि कर्क, वृश्चिक, मीन यांत कर्केचा. ग्रहाचे अंश कितव्या भागात पडतात ते पाहून तेथून राशी मोजत जावे. ग्रह भागाच्या काठावर, म्हणजे पाच-दहा कलांच्या अंतरावर असेल तर अयनांशातील किरकोळ फरकानेही नवांश बदलतो. अशा वेळी दोन्ही नवांशांचे स्वामी लिहून ठेवावेत.

त्या अध्यायात ग्रहांच्या वृत्ती त्या काळच्या भाषेत आहेत. रवीसाठी औषधी, सोने, लोकर. चंद्रासाठी शेती आणि पाण्यातून मिळणाऱ्या वस्तू. मंगळासाठी धातू, अग्नी, शस्त्र, साहस. बुधासाठी लेखन, गणित, काव्य, शिल्प. गुरूसाठी विद्वान, देवकार्य, धर्म, खाणी. शुक्रासाठी रत्ने, चांदी, गाई-म्हशी. शनीसाठी श्रम, ओझे वाहणे, कष्टाची कामे. ही यादी आजच्या पदनामांना चिकटवण्यापेक्षा तिच्यातील कामाचा स्वभाव घ्यावा. मंगळाच्या यादीत धातू आणि शस्त्र एकत्र आहेत, कारण दोन्हींत उष्णता, धार आणि धोका आहे. त्यामुळे वेल्डिंग, शल्यक्रिया, अग्निशमन आणि सैन्य ही सगळी एकाच रांगेत बसतात. बुधाचे काम म्हणजे नोंदवणे, मोजणे आणि निरोप पोहोचवणे. शनीचे काम म्हणजे वेळ, वजन आणि संख्येने मोठा मनुष्यवर्ग. ‘अमुक ग्रह म्हणजे डॉक्टर’ असे कोष्टक पाठ करणाऱ्याला फिजिओथेरपिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि आरोग्यविम्याचा अधिकारी यांतला फरक कधीच सांगता येत नाही, कारण तिघांच्या कामाचा स्वभाव वेगळा आहे.

तीन उत्तरांतून एक निवडताना मी असे करतो: तिघांपैकी दोन ठिकाणी एकच ग्रह आला तर त्याला मुख्य धरतो. तीन वेगळे आले तर लग्न, चंद्र आणि रवी यांत जो बलवान, त्याच्यापासूनच्या दशमेशाचा कौल घेतो. दशम स्थानात प्रत्यक्ष ग्रह बसला असेल तर तो कामाचे वातावरण सांगतो, असे समजून त्याची वेगळी नोंद करावी. दशमेश ज्या स्थानात आहे ते स्थान मात्र कामाची जागा सांगते: षष्ठात नोकरी, रोग, वाद आणि स्पर्धा, सप्तमात व्यापार आणि समोरचा ग्राहक, व्ययात रुग्णालय, परदेश आणि पडद्यामागचे काम.

एक पत्रिका पूर्ण सोडवून

पुढील पत्रिका पद्धत दाखवण्यासाठी रचलेली आहे, कोणा खऱ्या व्यक्तीची नाही. लग्न कुंभ 14 अंश. चंद्र वृषभेत 11 अंश, चतुर्थ स्थानी. मंगळ कर्केत 8 अंश 40 कला, षष्ठात. शनी सिंहेत 18 अंश, सप्तमात. बुध तुळेत 14 अंश, नवमात. रवी वृश्चिकेत 2 अंश, दशमात. गुरु धनूत 22 अंश आणि शुक्र धनूत 3 अंश, दोघेही लाभात. राहू मीनेत, केतू कन्येत. मुलगी दहावी पास झाली आहे, घरच्यांच्या मते तिने संगणक अभियांत्रिकी धरावी, आणि एका ठिकाणी त्यांना सांगितले गेले आहे की दशमेश मंगळ नीच आणि षष्ठात असल्यामुळे करिअर रखडेल.

लग्न 14 अंशांवर, म्हणजे राशीच्या मधोमध आहे. जन्मवेळ अर्धा तास पुढेमागे धरली तरी लग्न कुंभच राहते आणि दशमेश मंगळच. दशमांशाचे लग्न मात्र या पत्रिकेत मिथुन येते आणि केवळ एक अंश पुढे, म्हणजे जेमतेम चार मिनिटांनी ते कर्क होते. म्हणून या पत्रिकेत दशमांशाच्या लग्नावर काहीही उभे करायचे नाही.

बुध पंचम आणि अष्टम स्थानांचा स्वामी होऊन नवमात, मित्र शुक्राच्या राशीत आहे. रवीपासून तो 18 अंश दूर असल्याने अस्तंगत नाही. त्याच्याबरोबर कोणी नाही; पण कर्केतील मंगळाची चौथी आणि सिंहेतील शनीची तिसरी दृष्टी तुळेवर, म्हणजे बुधावर पडते. त्यामुळे ग्रहणशक्ती ‘उघडून पाहणारी’ आणि चिकाटीने नोंदी ठेवणारी निघते. अंशांनी पाहिले तर शनीची दृष्टी चार अंशांच्या आणि मंगळाची सव्वापाच अंशांच्या अंतरावर आहे. फरक थोडा असला तरी वजन शनीकडे जाते, म्हणजे प्रयोगशाळेत एकच चाचणी शंभर वेळा करून तक्ता भरणे हे या मुलीला कंटाळवाणे वाटणार नाही. बुधाचा नवांशही शनीच्या कुंभेचा आहे. गणित आणि विज्ञान या दोन्हींना हा बुध अनुकूल आहे. मात्र तो एकट्या संगणकाकडेच बोट दाखवतो, असे त्यात काही नाही.

गुरु स्वराशीत लाभस्थानी असून त्याची सातवी दृष्टी पंचमातील मिथुनेवर आणि नववी दृष्टी सप्तमातील शनीवर, म्हणजे लग्नेशावर आहे. चतुर्थ आणि नवम या दोन्ही शिक्षणस्थानांचा स्वामी शुक्र गुरूबरोबरच बसला आहे. तेव्हा शिक्षण पदवीवर थांबेल असे दिसत नाही. पदव्युत्तर शिक्षणाला जागा ठेवूनच शाखा निवडावी. येथे गुरु बुधाहून बलवान आहे, म्हणून लवकर कमाई देणाऱ्या छोट्या अभ्यासक्रमाचा आग्रह धरू नये.

आता दशमेश. कर्केत नवांशांची सुरुवात कर्केपासून होते. 8 अंश 40 कला हे 6 अंश 40 कला ते 10 अंश या तिसऱ्या भागात पडतात. कर्क, सिंह, कन्या असे मोजता नवांश कन्येचा आणि स्वामी बुध. चंद्रापासून दशम रास कुंभ, स्वामी शनी, तो सिंहेत 18 अंशांवर, म्हणजे सहाव्या भागात; मेषेपासून सहावी कन्या, स्वामी पुन्हा बुध. रवीपासून दशम सिंह, स्वामी स्वतः रवी, तो वृश्चिकेच्या पहिल्या भागात, म्हणजे कर्क नवांशात, स्वामी चंद्र. तिघांपैकी दोन ठिकाणी बुध आला. काम मोजण्याचे, नोंदवण्याचे आणि त्यावरून निष्कर्ष देण्याचे, आणि तेच शिक्षणाच्या ग्रहाशीही जुळते.

नीच मंगळाचे काय? मंगळ ज्या राशीत नीच आहे तिचा स्वामी चंद्र लग्नापासून केंद्रात, तोही उच्च राशीत आहे, त्यामुळे नीचभंग होतो. शिवाय षष्ठ हे उपचय स्थान असल्याने पापग्रह तेथे वाईट मानत नाहीत. ‘करिअर रखडेल’ हे विधान म्हणूनच टिकत नाही. षष्ठातल्या मंगळाचा अर्थ कामाच्या जागेपुरता घ्यावा: रोग, तपासणी, स्पर्धा. त्याला बुधाची मोजणी जोडली, चंद्राचा तिसरा कौल जोडला आणि दशमातील रवीची अधिकाराची छटा घेतली, तर चित्र रोगनिदानाकडे झुकते: प्रयोगशाळेतील निदान, वैद्यकीय उपकरणांची अभियांत्रिकी, औषधनिर्माणातील गुणवत्ता-तपासणी, आरोग्यविषयक संख्याशास्त्र. रुग्णाच्या उशाशी बसून उपचार करण्याचे काम यापेक्षा दुय्यम दिसते.

अकरावीसाठी सल्ला यातून सरळ निघतो. गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतले तर उपकरणे आणि अभियांत्रिकीची वाट बंद होते. जीवशास्त्र सोडले तर निदान आणि वैद्यकाची. या मुलीने विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत आणि एमएचटी-सीईटीच्या कोणत्या गटावर भर द्यायचा तो निर्णय बारावीपर्यंत लांबवावा. घरच्यांना हवे असलेले संगणकाचे ज्ञान वाया जात नाही. ते मुख्य विषय न होता साधन म्हणून येते.

दशाही तपासावी, कारण ती मुख्यतः वेळ सांगते. चंद्र रोहिणीत 11 अंशांवर असल्याने चंद्रदशेची सुमारे 9 वर्षे 3 महिने शिल्लक, त्यानंतर मंगळाची 7 वर्षे. म्हणजे 16 वर्षे 3 महिन्यांनी राहूची महादशा सुरू होते. राहू गुरूच्या राशीत द्वितीयात आहे. त्यात गुरूची अंतर्दशा सुमारे 19 ते 21 वर्षे 4 महिने या काळात, म्हणजे ऐन पदवीच्या वर्षांत येते, आणि बुधाची अंतर्दशा साधारण 24 वर्षे 2 महिन्यांपासून 26 वर्षे 9 महिन्यांपर्यंत. पदव्युत्तर शिक्षण संपून पहिले पक्के काम मिळण्याचा काळ म्हणून बुधाची अंतर्दशा बसते. मात्र राहूची महादशा अकरावीच्या सुमारास लागत असल्याने त्या वर्षी मन एका विषयावरून दुसऱ्यावर उडेल, ही सूचना पालकांना आधीच द्यावी. पहिल्या सहामाहीत गुण घसरले म्हणून लगेच शाखा बदलू नये.

उत्तरे जुळत नाहीत तेव्हा

वरील पत्रिकेत बुध दोन्ही बाजूंना आला म्हणून काम सोपे झाले. प्रत्यक्षात बुध-गुरु एक सांगतात आणि दशमेशाचा नवांशस्वामी दुसरे, असे वारंवार घडते. बुधावर शुक्राचा प्रभाव असून वास्तुकलेची ओढ दिसते आणि कर्माजीवाचा कौल शनीकडे जातो, असे समजा. तेव्हा सोळाव्या वर्षी बुध-गुरूंचे ऐकावे, कारण त्या वयात शिकणे हेच काम आहे आणि मनाविरुद्धच्या विषयात मूल टिकत नाही. दशमेशाचे ऐकण्याची वेळ पदवीनंतर येते: वास्तुकला शिकलेल्याने स्वतःचे कार्यालय काढावे, की सार्वजनिक बांधकाम खात्यात शनीचे, मोठ्या संख्येचे आणि नियमांचे काम धरावे, हा प्रश्न तेव्हा सोडवावा. माझ्या समजुतीप्रमाणे शाखा बदलण्यापेक्षा त्याच शाखेतील कामाचा प्रकार बदलून हा विरोध मिटवणे जास्त वेळा जमते.

दशमेशाच्या नवांशस्वामीचे बळ कमी असेल तर कौल बदलू नये, अपेक्षा बदलाव्यात. दुबळा बुध म्हणजे लेखापालाचे काम नाही, असे होत नाही; मोठ्या संस्थेचा मुख्य लेखापरीक्षक होण्याऐवजी एखाद्या पेढीत सुरक्षित नोकरी, इतका तो फरक आहे.

कोठे थांबावे

महाराष्ट्रातच 2008 साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती. बुद्धिमान ठरलेली आणि मतिमंद अशा दोन प्रकारच्या 200 मुलांच्या पत्रिका जमवून त्यांतील प्रत्येकी 40 पत्रिका 27 ज्योतिषांना दिल्या आणि कोणते मूल कोणत्या गटातील ते ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी 46 टक्के आले, म्हणजे नाणे उडवून मिळेल तितकेच. त्या चाचणीच्या रचनेवर ज्योतिषांनी आक्षेप घेतले. पण आपल्या विषयापुरता तिचा धडा मला मान्य आहे. पत्रिकेवरून बौद्धिक क्षमता मोजता येते याचा पुरावा नाही, आणि व्यवसाय नेमका सांगता येतो यालाही शास्त्रीय आधार नाही. म्हणून वरील पद्धत ही परंपरेने दिलेली विचार करण्याची चौकट म्हणून वापरावी. तीवरून कोणाला ‘तुला हे जमणार नाही’ असे सांगू नये, गुणांचे भाकीत करू नये आणि प्रवेश परीक्षेचा निकाल तर मुळीच सांगू नये.

व्यवहारात मी दोन याद्या समोरासमोर ठेवायला सांगतो. एका कागदावर पत्रिकेवरून निघालेले तीन-चार कामाचे स्वभाव, पदनामे न लिहिता: ‘मोजणे’, ‘तपासणे’, ‘रोगाशी संबंध’, ‘अधिकार’. दुसऱ्या कागदावर मुलाने स्वतः लिहिलेले, कोणत्या विषयाचा अभ्यास करताना वेळ कसा गेला ते कळत नाही, कोणता विषय गुण मिळूनही आवडत नाही, वगैरे. मुलाने त्याचा कागद आधी लिहायचा, पत्रिकेचा नंतर दाखवायचा. नाहीतर मूल ऐकलेलेच परत लिहून देते. दोन्ही कागदांत जे जुळते त्याच्यावर बोलायला सुरुवात करावी. ज्यात काहीच जुळत नाही, तेथे मुलाचा कागद खरा धरावा, गेल्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका पाहाव्यात, शाळेच्या समुपदेशकाकडून कलचाचणी करून घ्यावी, आणि पत्रिकेतील लग्नाचे अंश व जन्मवेळ पुन्हा एकदा तपासायला काढावी.